पंख पसरून बसलेला काळा पक्षी कोणता? फोटोवरून पाणकावळे आणि तिरंदाज ओळखण्याची पद्धत

उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवण आणि कुंभारगावच्या बाजूला, पाण्यात बुडून सुकलेल्या बाभळींचे सांगाडे वर आलेले दिसतात आणि त्यांच्या फांद्यांवर सकाळी काळे पक्षी पंख पसरून बसलेले असतात. नव्याने पक्षिनिरीक्षण करणारे बहुतेक जण अशा प्रत्येक पक्ष्याच्या फोटोखाली ‘पाणकावळा’ असे लिहून मोकळे होतात. त्या फांद्यांवर प्रत्यक्षात पाणकावळ्यांच्या तीन जाती असू शकतात, त्यांच्याशेजारी तिरंदाज असू शकतो आणि ऊन खात बसलेला एखादा राखी बगळाही असू शकतो. प्रकाश पक्ष्याच्या मागून येत असेल तर रंग दिसत नाहीत, अंतरामुळे आकाराचा अंदाज चुकतो आणि हाती उरते ती केवळ काळी आकृती. मात्र पंख कसे धरले आहेत आणि मानेचा आकार कसा आहे, एवढे त्या आकृतीत नीट पाहता आले, तर ओळखीचे निम्म्याहून अधिक काम होते. उरलेले काम चोच आणि डोके यांच्यावरून करावे लागते. हा क्रम सहसा उलटा करू नये, कारण अंधूक चोचीवरून सुरुवात केली की डोळ्यांना जे हवे असते तेच त्यात दिसू लागते.

या लेखात महाराष्ट्रातील जलाशयांवर दिसणाऱ्या चार पक्ष्यांचा मुख्यतः विचार केला आहे. छोटा पाणकावळा सुमारे 51 सेंटिमीटर लांबीचा असतो आणि गावतळ्यापासून धरणापर्यंत सर्वत्र आढळतो. भारतीय पाणकावळा सुमारे 63 सेंटिमीटरचा असतो. मोठा पाणकावळा 80 ते 90 सेंटिमीटरच्या घरात जातो आणि आपल्याकडे प्रामुख्याने मोठ्या जलाशयांवर दिसतो. चौथा तिरंदाज, ज्याला सर्पपक्षी असेही म्हणतात, तो साधारण 90 सेंटिमीटरचा असतो, पण त्यातील बराचसा भाग मान आणि शेपूट यांचा असल्याने अंगाने तो मोठ्या पाणकावळ्यापेक्षा सडपातळ दिसतो. ही मापे लक्षात ठेवावीत, पण एकट्या पक्ष्याच्या फोटोत ती वापरू नयेत. लांबून टिपलेला मोठा पाणकावळा आणि जवळून टिपलेला छोटा पाणकावळा फोटोच्या चौकटीत सारखीच जागा व्यापू शकतात. दोन पक्षी एकाच फांदीवर, कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर बसलेले असतील तरच त्यांच्या मापांची तुलना करण्यात अर्थ आहे.

पहिली पायरी : पक्षी या गटातलाच आहे ना?

पंख पसरणे ही केवळ पाणकावळ्यांची आणि तिरंदाजाची सवय नाही. राखी बगळा आणि जांभळा बगळा थंडीच्या सकाळी ऊन घेताना पंख अर्धवट उघडतात, परंतु त्यांची ढब वेगळी असते. बगळा पंख बाजूला ताणत नाही. तो ते अंगाजवळ खाली सोडतो आणि मनगटाच्या सांध्यातून असे वळवतो की पंखांची आतली बाजू समोर, सूर्याकडे येते. समोरून पाहिल्यास दोन्ही पंख मिळून एक त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या वरच्या टोकाशी, खांद्यांत आखडून घेतलेल्या मानेवर डोके दिसते. चित्रबलाक हा करकोचाही उन्हात पंख उघडून उभा राहिलेला कधी कधी दिसतो. अशा वेळी सर्वांत आधी पायांकडे पाहावे. बगळा आणि करकोचा लांब पायांवर उभे असतात आणि पोटाखाली मोकळी जागा दिसते. पाणकावळा आणि तिरंदाज यांचे पाय आखूड असून शरीराच्या बरेच मागच्या बाजूला असतात, त्यामुळे ते फांदीला जवळपास चिकटून, ताठ बसलेले दिसतात. फोटो पुरेसा स्पष्ट असेल तर त्यांची चारही बोटे एकाच पडद्याने जोडलेली दिसतात, तर बगळ्याची बोटे लांब आणि सुटी असतात.

टिबुकली हीसुद्धा मासे खाणारी आणि बुडी मारणारी आहे, पण ती फांदीवर बसून पंख वाळवत नाही. तिचा प्रश्न पाण्यातल्या फोटोंत येतो, म्हणून तिच्याकडे नंतर वळू.

दुसरी पायरी : पंखांची ढब

पंख का पसरले जातात हे समजले की दोन्ही गटांतील फरक लक्षात ठेवणे सोपे जाते. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. पाणकावळ्याच्या पिसांचा कडेचा भाग पाणी धरतो आणि मधला भाग बऱ्याच अंशी कोरडा राहतो. त्यामुळे पिसांत अडकून राहणारी हवा कमी होते, पक्षी पाण्यात सहज खाली जातो, आणि त्वचेलगतचा थर मात्र पूर्ण भिजत नाही. तिरंदाजाची पिसे याहून अधिक भिजतात, पाणी पार त्वचेपर्यंत पोहोचते आणि म्हणूनच तो केवळ डोके आणि मान पाण्याबाहेर ठेवून, सारे अंग बुडवून पोहू शकतो. याची किंमत तो अंगातील उष्णता गमावून मोजतो. म्हणून पाणकावळ्याचे पंख पसरणे हे मुख्यतः वाळवणे असते, तर तिरंदाज वाळवण्याबरोबरच ऊब मिळवण्यासाठीही पंख पसरतो आणि त्यासाठी बहुधा सूर्याकडे पाठ करून बसतो. त्याची पाठ आणि पंखांचा वरचा भाग काळा असल्याने ऊन चांगले शोषले जाते.

आता फोटोत काय दिसते ते पाहू. पाणकावळा पंख उघडतो तेव्हा खांद्यापासून मनगटापर्यंतचा भाग बाजूला आणि किंचित वर उचललेला असतो, आणि मनगटापासून पुढची लांब पिसे खाली लोंबत राहतात. समोरून पाहिले तर दोन मनगटे हे आकृतीचे सर्वांत रुंद आणि बहुधा उंच बिंदू असतात व त्यांच्यापासून पंखांची टोके खाली उतरतात. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाह्यांसारखा हा आकार दिसतो. पाणकावळा मधूनमधून पंख झटकतोही, त्यामुळे मंद शटरने घेतलेल्या फोटोत पंखांची टोके अस्पष्ट आणि अंग स्पष्ट असे दिसले तर त्यात काही गैर नाही.

तिरंदाजाचे पंख अधिक पूर्णपणे ताणलेले आणि लांबट असतात. मनगटातील वळण कमी असते, त्यामुळे पंखांची वरची कड खांद्यापासून बाहेर बरीच सरळ जाते. त्याच वेळी तो शेपूटही पंख्यासारखी उघडतो. पाठीमागून घेतलेल्या फोटोत खांद्यांवरच्या टोकदार पिसांवर आणि पंखांच्या वरच्या भागावर रुपेरी-पांढऱ्या, बारीक, सुट्या रेघा दिसतात. या रेघा दिसल्या तर पुढे फारसे पाहण्याची गरज उरत नाही. मात्र विणीच्या काळातील छोट्या पाणकावळ्याच्या पंखांवरही राखाडी-रुपेरी झाक येते आणि उन्हात ती चमकते. फरक असा की झाक पसरट असते, तिला कडा नसतात. तिरंदाजाची रेघ पिसाच्या मध्यातून गेलेली असते आणि जवळून पाहिल्यास प्रत्येक रेघ वेगळी मोजता येईल इतकी ठसठशीत असते.

पंखांच्या कडेवरून आणखी एक सूचना मिळते. पाणकावळ्याची उड्डाणपिसे टप्प्याटप्प्याने बदलतात, म्हणून पसरलेल्या पंखात एखाददुसरे पीस गळून पडलेले, शेजारचे अर्धवट वाढलेले आणि बाकीचे जुने विटलेले असे मिश्र चित्र दिसते. तिरंदाजाची सारी उड्डाणपिसे एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत त्याला काही काळ उडता येत नाही. या अवस्थेतील पक्षी पंख पसरून बसला तर पंख विचित्र आखूड दिसतात आणि नवखा निरीक्षक तो जखमी असल्याचे समजतो. असा फोटो क्वचितच मिळतो, पण मिळाला तर तो तिरंदाजाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे.

तरीही केवळ पंखांच्या ढबीवर निर्णय देऊ नये. वारा जोराचा असेल तर कोणताही पक्षी पंख अर्धवट मिटतो. पंख उघडण्याच्या किंवा मिटण्याच्या मधल्या क्षणी घेतलेला फोटो दिशाभूल करतो, आणि पक्षी कॅमेऱ्याकडे तिरका बसला असेल तर लांबचा पंख आखूड भासतो. पाठीवर ऊन आणि पोटाकडे सावली हे चित्र तिरंदाजाला अनुकूल असले तरी पाणकावळाही सूर्याकडे पाठ करून बसू शकतो. पंख फक्त पक्षी कोणत्या गटातला असावा याचा अंदाज देतात. तो अंदाज पक्का करण्याचे काम मान करते.

तिसरी पायरी : मान

तिरंदाजाची मान हा केवळ लांबीचा विषय नाही. त्याच्या मानेतील आठव्या आणि नवव्या मणक्यांच्या जोडणीपाशी एक कायमची मोड असते. मान आखडली की ही मोड ठळक होते आणि मान पूर्ण ताणली तरी तिथे थोडासा कोन उरतो. या बिजागरीमुळे तो पाण्याखाली मान मागे ओढून झटक्यात पुढे फेकतो आणि टोकदार चोचीने माशाला भोसकतो. तिरंदाज हे नाव यावरूनच आले आहे. पाणकावळ्याची शिकार निराळी असते. तो पाठलाग करून मासा चोचीत पकडतो, त्यासाठी त्याच्या चोचीच्या टोकाला खाली वळलेली आकडी असते आणि मानेला अशा बिजागरीची गरज नसते.

फोटोत ही मोड कुठे शोधायची ते नीट समजून घ्यावे. मानेच्या साधारण मध्याजवळ, पुढच्या बाजूला, एक टोकदार कोपर बाहेर आल्यासारखे दिसते. त्याच्या वरची मान डोक्याकडे जाताना बारीक असते आणि डोके मानेहून जेमतेम रुंद असते, त्यामुळे मान कुठे संपली आणि डोके कुठे सुरू झाले हे आकृतीत पटकन सांगता येत नाही. पाणकावळ्याच्या मानेला बाक असतो, कधी तो चांगला वळणदारही असतो, पण तो गोलाईचा असतो. एका जागी मोडल्यासारखा कोन त्यात दिसत नाही. शिवाय मान जाड असून तिच्यावर डोके स्पष्ट वेगळे उठून दिसते.

इथे बगळ्याचा उल्लेख पुन्हा करावा लागतो, कारण बगळ्याच्या मानेलाही मोड असते. त्याचा सहावा मणका लांबट असतो आणि त्यामुळे मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते. जांभळ्या बगळ्याची मान गवतातून वर आली आणि अंग दिसत नसेल, तर ती तिरंदाजाची वाटू शकते. अशा वेळी मानेच्या रंगाकडे पाहावे. जांभळ्या बगळ्याच्या तांबूस मानेवर उभ्या काळ्या रेघा असतात. तिरंदाजाची मान तपकिरी असते आणि डोळ्यापासून बाजूने खाली उतरणारी एक पांढरी पट्टी तिच्यावर असते. पिल्लावस्थेतील तिरंदाज अंगाने फिकट तपकिरी असतो व ही पट्टी त्याच्यात पुसट असते, म्हणून पट्टी दिसली नाही एवढ्यावरून तिरंदाज नाकारता येत नाही.

मानेच्या बाबतीत सर्वाधिक फसवणूक होते ती विश्रांतीच्या वेळी. तिरंदाज मान घडी करून खांद्यांत घेतो तेव्हा तिची सारी लांबी नाहीशी होते आणि पक्षी आखूड मानेचा दिसतो. पक्षी थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला असेल तर मानेची मोड आपल्याच दिशेने येते आणि मान सरळ भासते. याउलट सावध झालेला भारतीय पाणकावळा मान उंच ताणतो तेव्हा ती अनपेक्षितपणे बारीक व लांब दिसते आणि पंखही उघडे असतील तर त्याला तिरंदाज ठरवण्याचा मोह होतो. बाजूने घेतलेला फोटो नसेल तर मानेवरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याऐवजी पुढच्या पायरीकडे जावे.

चौथी पायरी : चोच आणि शेपूट यांनी पडताळा

तिरंदाजाची चोच सरळ, निमुळती आणि सुईसारखी टोकदार असते. आकृती कितीही काळी असली तरी बाजूने टिपलेल्या फोटोत डोक्याची कपाळाची रेषा आणि चोचीची वरची रेषा जवळजवळ एकाच उताराने पुढे जातात. पाणकावळ्याच्या चोचीच्या टोकाशी आकडी असते आणि कपाळ व चोच यांच्या मध्ये एक खाच किंवा वळण जाणवते. फोटो मोठा करून पाहताना एक काळजी घ्यावी. कमी दर्जाच्या जेपीजी फोटोत चोचीच्या टोकाशी पिक्सेल एकमेकांत मिसळून खोटी आकडी तयार होते, तसेच अति शार्पन केलेल्या फोटोत खरी आकडी नाहीशी होते. म्हणून शक्यतो मूळ फाइल पाहावी, मोबाइलवर फिरून आलेली प्रत पाहू नये.

शेपटीचा फरक मात्र दूरवरूनही दिसतो. तिरंदाजाची शेपूट लांब आणि रुंद असून टोकाशी गोलसर असते, आणि उडताना ती व पुढे ताणलेली मान मिळून आकाशात क्रॉससारखी आकृती दिसते. तो काही वेळा पंख मारतो आणि मग पंख स्थिर ठेवून तरंगतो, कधी उंच घिरट्याही घालतो. पाणकावळे मात्र सलग पंख मारत, बहुधा पाण्याच्या जवळून, सरळ जातात. या दोहोंपैकी कोणीही बगळ्याप्रमाणे मान आखडून उडत नाही.

पाचवी पायरी : पाणकावळा ठरला, पण कोणता?

येथे पंखांची ढब कामाची राहत नाही. तिन्ही पाणकावळे पंख जवळपास सारखेच धरतात, आणि पसरलेल्या पंखांवरून त्यांच्यातील जात ठरवण्याचा प्रयत्न मी तरी करत नाही. आता डोके आणि चोच हेच पाहावे.

छोट्या पाणकावळ्याची चोच आखूड आणि जाडसर असते व डोक्याच्या मानाने स्पष्ट लहान दिसते. कपाळ चोचीपासून चटकन वर चढते, त्यामुळे डोके चौकोनी वाटते. मान आखूड असते. विणीच्या काळात तो काळाभोर होतो आणि डोक्याच्या पुढच्या भागावर व बाजूंना थोडी पांढरी पिसे येतात. एरवी त्याचा रंग तपकिरीकडे झुकतो आणि गळा पांढुरका होतो. भारतीय पाणकावळ्याची चोच लांब, बारीक आणि टोकाशी आकडी असलेली असते व तिची लांबी डोक्याच्या लांबीच्या जवळ जाते. कपाळ सपाट उतरते, मान सडपातळ असते आणि गळ्याशी पिवळसर त्वचा दिसते. विणीच्या काळात डोळ्याच्या मागे पांढरा झुबका येतो आणि प्रौढ पक्ष्याचा डोळा निळसर-हिरवा असतो. छोटा आणि भारतीय यांच्यातच सर्वाधिक गोंधळ होतो, आणि तो सोडवताना मी आधी एकच गोष्ट पाहतो, ती म्हणजे चोच डोक्याच्या तुलनेत किती लांब आहे. फोटोवर डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे, मग डोळ्यापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. पहिले अंतर दुसऱ्याहून ठळकपणे मोठे असेल तर भारतीय पाणकावळ्याकडे कल जातो. हे करताना पक्षी अगदी बाजूने दिसत असला पाहिजे, कारण डोके थोडेसे वळले तरी चोच आखूड होते.

मोठा पाणकावळा अंगाने भरदार, जाड मानेचा आणि टोकदार कोपरे असलेल्या डोक्याचा असतो. त्याची चोच जाड व मजबूत असते, चेहऱ्यावर पिवळी त्वचा आणि तिच्या मागे रुंद पांढरा पट्टा असतो. विणीच्या काळात मांडीवर पांढरा डाग आणि डोक्यावर पांढरी पिसे येतात. अल्पवयीन पक्ष्याचे पोट पांढरे असू शकते आणि ते पाहून नवखे निरीक्षक भलताच काहीतरी दुर्मीळ पक्षी सापडल्याची नोंद करतात. मोठ्या पाणकावळ्याच्या शेपटीत 14 आणि इतर दोघांच्या शेपटीत 12 पिसे असतात. फोटोत ती मोजता येण्याइतकी पसरलेली क्वचितच मिळतात.

एका फोटोची तपासणी

आता ही पद्धत नमुन्याच्या एका फोटोवर लावून पाहू. समजा, जानेवारीतील सकाळी पावणेआठचा फोटो आहे. सूर्य समोरून डावीकडे आहे, पाण्यात एक वाळलेली बाभूळ आहे आणि तिच्यावर पाच काळे पक्षी आहेत.

सर्वांत वरच्या फांदीवरचा पक्षी पंख पूर्ण ताणून बसला आहे, मनगटाशी वळण कमी आहे आणि शेपूट लांब व उघडलेली आहे. मान मात्र खांद्यांत आखडलेली असल्याने आखूड दिसते. पंख आणि शेपूट तिरंदाज सुचवतात, मान काहीच सांगत नाही, म्हणून फोटो मोठा करून चोच पाहावी. ती सरळ आणि निमुळती आहे, आकडी नाही. येथे तीन खुणा एकाच दिशेने जातात आणि तिरंदाज असे निश्चित लिहिता येते. पाठीवर सूर्य नाही, उलट पोट सूर्याकडे आहे, पण ही खूण मुळातच दुबळी असल्याने तिच्यासाठी निर्णय बदलण्याचे कारण नाही.

उजवीकडचा दुसरा पक्षीही पंख पसरून आहे. त्याची मनगटे उंच आणि पंखांची टोके खाली लोंबलेली आहेत, मान जाड व गोलाईची आहे. त्याने डोके मागे वळवले असल्याने चोच दिसत नाही. हा पाणकावळा आहे हे सांगता येते, पण कोणता हे सांगता येत नाही. त्याच्या खालच्या फांदीवर तिसरा आणि चौथा शेजारी शेजारी, पंख मिटून, बाजूने दिसतील असे बसले आहेत. तिसऱ्याची चोच लांब व बारीक आहे, कपाळ उतरते आहे. चौथ्याची चोच आखूड, कपाळ उभे आणि उंची तिसऱ्याच्या सुमारे चार पंचमांश आहे. दोघे एकाच अंतरावर असल्याने ही तुलना ग्राह्य आहे आणि 51 व 63 सेंटिमीटर या मापांशी ती जुळते. तिसरा भारतीय आणि चौथा छोटा पाणकावळा, हे उत्तर चोच आणि आकार या दोन वेगवेगळ्या मार्गांनी मिळते.

पाचवा खाली बुंध्यापाशी आहे. पंख अर्धवट उघडे आहेत, पण ते अंगाजवळ खाली सोडलेले असून पोटाखाली दोन लांब पायांमधून पाणी दिसते. तो ऊन घेणारा बगळा आहे. उंची आणि दणकट चोच पाहता राखी बगळा असावा, परंतु काळ्या आकृतीतून जांभळा बगळा पूर्णपणे वगळता येत नाही. फोटोतील सावल्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या उजळल्या आणि मानेचा रंग राखाडी-पांढरा निघाला तर प्रश्न मिटतो. तो तांबूस निघाला तर उत्तर बदलावे लागते.

दुसऱ्या पक्ष्याचे काय करायचे? त्याच क्षणी सलग घेतलेल्या इतर फोटोंत तो डोके फिरवतो का ते पाहावे. पंख वाळवणारा पाणकावळा फार वेळ डोके एका दिशेला ठेवत नाही, म्हणून एकाच पक्ष्याचे काही सेकंदांच्या अंतराने अनेक फोटो घेण्याची सवय या गटासाठी विशेष उपयोगी आहे.

पाण्यातले फोटो

तिरंदाज पोहताना बहुधा फक्त मान आणि डोके वर दिसतात व ती मान पुढेमागे हलत राहते. पाणकावळाही पाण्यात बराच खाली बसतो, पण त्याची पाठ सहसा पाण्याच्या पृष्ठभागावर दिसते आणि चोच किंचित वर उचललेली असते. भिजल्यानंतर छोटा पाणकावळाही जवळजवळ पूर्ण बुडून पोहू शकतो, तेव्हा पुन्हा चोच आणि मानेची जाडी यांकडेच वळावे लागते. टिबुकली मात्र पाण्यावर बुचासारखी तरंगते, तिची मागची बाजू फुगीर असते आणि शेपूट असल्यासारखे काही दिसत नाही. हिवाळ्यात मोठ्या जलाशयांवर दिसणारी शेंडीवाली मोठी टिबुकली लांब, बारीक मानेमुळे दुरून फसवते. तिच्या मानेची पुढची बाजू पांढरीशुभ्र असते आणि मानेत मोड नसते, तेवढे पाहिले की पुरे.

फोटो घेताना

वर सांगितलेल्या बहुतेक खुणा बाजूने घेतलेल्या फोटोतच दिसतात, म्हणून नावेतून जाताना नावाड्याला पक्ष्याकडे थेट नाव न नेता त्याला वळसा घालायला सांगावे. पक्षीही कमी बिथरतो आणि सूर्य आपल्या पाठीशी येण्याची शक्यता वाढते. काळा पक्षी आणि उजळ पाणी यांच्यामुळे कॅमेऱ्याचे मीटर पक्षी आणखी काळा करून टाकते, त्यामुळे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक स्टॉपने वाढवून काही फोटो घ्यावेत. पाणी पांढरेफेक झाले तरी चालेल, कारण आपल्याला चेहऱ्याची त्वचा आणि पंखांवरच्या रेघा हव्या आहेत. फोकस नेहमी डोक्यावर धरावा. पसरलेल्या पंखांवर फोकस लागून डोके धूसर झालेले फोटो दिसायला चांगले असतात, पण पाणकावळ्याची जात ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग नाही.

फोटो कापून लहान करण्याआधी त्याची पूर्ण चौकट जपून ठेवावी, कारण शेजारच्या ज्या पक्ष्याशी तुलना करायची असते तोच बहुधा कापला जातो. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना वरच्या नमुन्यातील दुसऱ्या पक्ष्यासारखी परिस्थिती आली तर जात न ठरलेल्या पाणकावळ्यासाठीचा `cormorant sp.` हा पर्याय निवडावा आणि टिपेत पंखांची ढब, मानेचा आकार आणि चोच का दिसली नाही हे एका ओळीत लिहावे. छोट्या पाणकावळ्यांची संख्या आपल्याकडे जास्त असते म्हणून अनिश्चित पक्षी त्यांच्या खात्यात टाकण्याची पद्धत काही जणांत आहे. ती टाळावी, कारण भारतीय पाणकावळ्याच्या नोंदी त्यामुळेच हरवतात.